६२५ ओळी, दोन पाने

दीर्घ कवितेवर शोधनिबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत टिपणांची पाने बहुधा कवितेच्या पानांपेक्षा जास्त असतात. वर्गात सरांनी सांगितलेले, ग्रंथालयातल्या तीन-चार पुस्तकांतून उतरवलेले, आपले आपल्याला सुचलेले, असे सगळे एकाखाली एक साचत जाते. निबंधाची तारीख जवळ आली की या ढिगातून दोन पानांचा सारांश काढायची वेळ येते. मग प्रतिमा, सूर, रचना आणि अवतरणे असे चार मथळे पाडले जातात आणि प्रत्येकाखाली आठ-दहा मुद्दे भरले जातात. पाने भरलेली दिसतात, पण निबंध लिहायला घेतला की त्यातले काहीच हाताला लागत नाही. प्रतिमांच्या मथळ्याखाली चंद्र, सूर्य, समुद्र असतो. सुराखाली ‘गूढ, भीतिदायक, करुण’ असे लिहिलेले असते. रचनेखाली भागांची संख्या असते. एकाचा दुसऱ्याशी संबंध कुठेच लागत नाही.

हा संबंध कसा जुळवायचा, हे एखादी कविता हातात धरूनच नीट कळते. महाराष्ट्रातल्या इंग्रजी साहित्याच्या वर्गांत वर्षानुवर्षे शिकवली जाणारी सॅम्युएल टेलर कोलरिजची ‘द राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ त्यासाठी फार सोयीची आहे. ती लांब आहे, तिच्यात गोष्ट आहे आणि तिच्यावर दोनशेहून अधिक वर्षे वाद चालू आहेत. १७९८ साली वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांनी मिळून काढलेल्या ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहाची सुरुवात याच कवितेने झाली. पुढे कोलरिज तिच्यावर हात फिरवत राहिला. आज पाठ्यपुस्तकांत जी संहिता सहसा छापली जाते ती १८३४ सालची. तिच्यात सात भाग आणि ६२५ ओळी आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. लग्नाला निघालेल्या तिघांपैकी एका पाहुण्याला एक म्हातारा खलाशी वाटेत अडवतो आणि आपली कहाणी ऐकवतो. त्याचे जहाज दक्षिणेकडे जाता जाता बर्फात अडकले होते. धुक्यातून एक अल्बट्रॉस पक्षी आला, बर्फ फुटला, वारा सुटला. खलाशांनी त्या पक्ष्याला खाऊ घातले, त्याचे लाड केले. आणि या खलाशाने एके दिवशी क्रॉसबोने, म्हणजे आडव्या धनुष्याने, त्याला मारून टाकले. पुढे विषुववृत्तापाशी वारा पडला, प्यायचे पाणी संपले आणि मेलेला पक्षी खलाशाच्या गळ्यात लटकवण्यात आला. सांगाड्यासारख्या एका जहाजावरून मृत्यू आणि ‘मृत्यूतले जीवन’ ही बाई आली. दोघांनी फाशांचा डाव मांडला आणि खलाशी त्या बाईच्या वाट्याला गेला. बरोबरचे दोनशे जण त्याच्या डोळ्यांदेखत मेले, तो एकटा उरला. मग एका रात्री त्याने पाण्यातले साप पाहिले, त्यांना आशीर्वाद दिला आणि गळ्यातला पक्षी गळून पडला. त्यानंतर पाऊस, प्रेतांनी चालवलेले जहाज, मायदेशाचा किनारा, आणि गावोगाव फिरून हीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगण्याची शिक्षा.

आधी प्रश्न, मग मथळे

समजा, एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने या कवितेवर चाळीस पाने टिपणे काढली आहेत. सारांशाला हात घालण्याआधी तिने कोऱ्या कागदाच्या माथ्यावर एक प्रश्न लिहायला हवा. तो विषयाचे नाव असून चालत नाही. ‘कोलरिजची निसर्गदृष्टी’ हे नाव झाले, त्याला ना हो म्हणता येते ना नाही. प्रश्न असा हवा की ज्याच्या उत्तरावर दोन समजदार वाचकांचे मतभेद होऊ शकतील.

या कवितेत असा एक प्रश्न उघड्यावरच पडलेला आहे. खलाशाने पक्षी का मारला? कविता याचे कारण देत नाही. राग, भूक, पैज, भीती, काहीही नाही. आणि पुढे त्याने सापांना आशीर्वाद दिला, तो तरी का? तिथेही कवितेचे उत्तर एवढेच आहे की ते त्याच्या हातून नकळत घडले. गुन्हा विनाकारण घडला आणि सुटकाही ठरवून झाली नाही. पण कवितेच्या शेवटी हाच खलाशी पाहुण्याला एक नीटस, सुबोध नीतिपाठ देऊन जातो. ज्याच्या आयुष्यातल्या दोन्ही मोठ्या गोष्टी विनाकारण घडल्या, त्याच्या तोंडचा हा नीतिपाठ त्या घटनांमधून खरोखर निघतो का?

विद्यार्थिनीने हा प्रश्न माथ्यावर घेतला, की चाळीस पानांतली निम्मी टिपणे तिथल्या तिथे बाजूला होतात. कोलरिजचे अफूचे व्यसन, क्वांटॉक टेकड्यांमधली भटकंती, शेल्व्हॉकच्या १७२६ सालच्या प्रवासवर्णनातला अल्बट्रॉस आणि तो प्रसंग वर्डस्वर्थने कसा सुचवला, या सगळ्या गोष्टी रंजक आहेत. या निबंधात मात्र त्यांचे काम नाही. उरलेल्या टिपणांना एकच कसोटी लावायची. हे निरीक्षण माथ्यावरच्या प्रश्नाबद्दल काही सांगते का? सांगत असेल, तर त्याच्यापुढे ओळीचा क्रमांक टाकायचा. क्रमांक टाकता येत नसेल तर ते निरीक्षण कवितेतले नाही, कुणाच्या तरी पुस्तकातले आहे, आणि ते वेगळ्या रकान्यात जायला हवे.

प्रतिमा: वस्तूंची यादी नव्हे, बदलाची नोंद

प्रतिमांच्या टिपणांत बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. कवितेत काय काय दिसते त्याची यादी होते. समुद्र, बर्फ, सूर्य, चंद्र, पक्षी, साप. एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कामाची गोष्ट असते ती अशी, की एकच वस्तू कवितेत दोन-तीनदा येते आणि दर वेळी निराळी दिसते.

पाण्यातले प्राणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्या भागात १२५ आणि १२६ या ओळींत ते पहिल्यांदा येतात. समुद्र सडल्यासारखा झाला आहे आणि त्यावर पाय असलेले काही बुळबुळीत जीव सरपटत आहेत. खलाशाला त्यांची किळस वाटते. चौथ्या भागात २३८व्या ओळीत ते परत येतात. अजूनही बुळबुळीतच आहेत, पण आता एक फरक पडला आहे. सगळे सोबती मरून पडलेले असताना खलाशी स्वतःला या जिवांच्याच रांगेत बसवतो. तेही जगले, तोही जगला, आणि दोघांचे जगणे त्याला सारखेच लाजिरवाणे वाटते. मग चंद्र वर येतो आणि २७२ ते २८१ या ओळींत त्याच पाण्यात त्याला साप दिसतात. आता त्यांच्या हालचालीतून पांढरा प्रकाश सांडतो आहे. त्यांचे अंग निळे, चकचकीत हिरवे, मखमली काळे आहे आणि ते जातात तिथे सोनेरी ज्वाळेसारखी रेघ उमटते.

समुद्र तोच आणि जीवही त्याच पाण्यातले. बदलला आहे तो पाहणारा आणि त्याच्यावर पडलेला उजेड. म्हणून सारांशात ‘सापांची प्रतिमा सुंदर आहे’ असे लिहून भागत नाही. एकच प्रतिमा किळस, नाते आणि कौतुक अशा तीन टप्प्यांतून जाते आणि दुसरा टप्पा पहिल्याला तिसऱ्याशी जोडतो, हे लिहायला हवे. दुसरा टप्पा टिपणांतून बहुधा निसटतो, कारण तिथे डोळ्यात भरण्यासारखे काही नाही. माथ्यावरच्या प्रश्नासाठी मात्र तोच मोलाचा आहे. नकळत आलेला आशीर्वाद थेट आभाळातून पडलेला नाही. त्याच्या आधी पंचेचाळीसेक ओळींवर खलाशाने स्वतःला त्या जिवांत मोजले आहे.

प्रतिमांच्या बाबतीत दुसरी अडचण टीकाकारांकडून येते. अमेरिकन कवी आणि समीक्षक रॉबर्ट पेन वॉरेन यांनी १९४६ साली या कवितेवर लिहिलेल्या दीर्घ निबंधात सूर्य आणि चंद्र यांची विभागणी केली. बऱ्या गोष्टी चंद्रप्रकाशात घडतात, वाईट उन्हात, असे त्या मांडणीचे ढोबळ रूप वर्गावर्गांतून फिरत असते. ते पाठ करायला सोपे आहे, म्हणूनच सावध राहायला हवे. विद्यार्थिनीने आपल्या ओळींच्या क्रमांकांवर बोट ठेवून पडताळले, तर तिला दिसेल की पक्षी मारण्याच्या लगेच आधी, ७८व्या ओळीत, धुक्यातून चंद्रप्रकाशच झिरपतो आहे. दोनशे खलाशी मरतात तेही २१२व्या ओळीपासून चंद्राखालीच. हम्फ्री हाउस यांनी १९५३ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत वॉरेन यांच्या अशा घट्ट समीकरणांवर आक्षेप घेतले होते. सारांशात वॉरेन यांचे मत एका वाक्यात आणि त्याला छेद देणाऱ्या ओळींचे क्रमांक दुसऱ्या वाक्यात, एवढे पुरते.

सूर: ऐकणाऱ्याचा चेहरा पाहा

सुराबद्दल लिहिताना विशेषणांचा पाऊस पडतो. ‘गूढ’, ‘उदास’, ‘धार्मिक’ ही विशेषणे चुकीची नसतात, पण ६२५ ओळींच्या कवितेला एकच सूर असत नाही. तो कुठे वळतो ते दाखवावे लागते. या कवितेत कोलरिजने त्यासाठी एक आयता मापक ठेवला आहे. तो म्हणजे लग्नाचा पाहुणा.

सुरुवातीला पाहुणा वैतागलेला आहे. त्याला जेवणाच्या पंगतीला पोहोचायचे आहे आणि हा दाढीवाला वेडा म्हातारा आपला हात धरून बसला आहे, असे त्याला वाटते. पहिल्या भागाच्या मध्यावर लग्नघरातले वाद्य ऐकून तो छाती बडवतो, पण हलू शकत नाही. भागाच्या शेवटी, ७९ ते ८१ या ओळींत, त्याला खलाशाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसते आणि तो काळजीने विचारतो, की तुझा चेहरा असा का झाला. चौथ्या भागाच्या सुरुवातीला, २२४व्या ओळीपासून, त्याला शंका येते की समोरचा माणूस जिवंत आहे की भूत. पाचव्या भागात ३४५व्या ओळीत प्रेते उठून कामाला लागतात तेव्हा तो पुन्हा घाबरून बोलतो. त्यानंतर मात्र तो एकदाही मध्ये बोलत नाही. शेवटी तो लग्नघराच्या दारावरून मागे फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी उठतो तो अधिक खिन्न आणि अधिक शहाणा होऊन. वैताग, काळजी, भीती, मौन असा हा क्रम आहे आणि प्रत्येक टप्प्याला ओळीचा क्रमांक आहे. ‘सूर गूढ आहे’ या वाक्यापेक्षा हा क्रम निबंधात कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

खलाशाच्या स्वतःच्या बोलण्यातला एक बदल तर नजरेखालून सहज निसटतो. पहिल्या भागात तो आपली कहाणी ‘आम्ही’, ‘जहाज’, ‘वारा’ अशी सांगत जातो. स्वतःसाठी ‘मी’ हा शब्द तो त्या कहाणीत पहिल्यांदा वापरतो तो ८२व्या ओळीत, पक्षी मारल्याचे सांगताना. शिवाय ८१वी ओळ दोघांच्यात वाटली गेली आहे. तिच्या पहिल्या अर्ध्यात पाहुण्याचा प्रश्न संपतो आणि दुसऱ्या अर्ध्यात खलाशाच्या उत्तरातले हत्यार येते. प्रश्न ‘असा का दिसतोस’ हा आहे, उत्तर ‘काय केले’ याचे आहे. ‘का’ला उत्तर मिळतच नाही आणि भाग तिथेच संपतो. माथ्यावरच्या प्रश्नाशी या दोन ओळींइतकी थेट भिडणारी जागा कवितेत दुसरी नाही.

रचना: भागांचे शेवट आणि कडव्यांची लांबी

कवितेत सात भाग आहेत, हे टिपण रचनेचे टिपण नव्हे. भाग कुठे तुटतात आणि तिथेच का तुटतात, हे पाहायला हवे. सातही भागांचे शेवट एकाखाली एक लिहून काढले तर काम अर्ध्या तासाचे आहे.

पहिला भाग पक्षी मारल्यावर संपतो. दुसरा, तो गळ्यात लटकवल्यावर. तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीत मरणाऱ्यांचे आत्मे क्रॉसबोच्या बाणासारखा आवाज करत खलाशाच्या कानाजवळून निघून जातात. चौथा, पक्षी समुद्रात बुडाल्यावर. पाचव्यात शेवटून दुसऱ्या कडव्यात धनुष्याचा उल्लेख आहे आणि शेवटच्यात प्रायश्चित्त अजून बाकी असल्याचे सांगितले आहे. सहाव्याच्या शेवटच्या ओळीत पक्ष्याचे रक्त धुवून काढणारा साधू येणार आहे. सातव्याचा शेवट मात्र पक्ष्यावर होत नाही, तो पाहुण्यावर होतो. घाईने टिपण करणारा ‘प्रत्येक भाग अल्बट्रॉसवर संपतो’ असे लिहून मोकळा होतो आणि तपासणारा प्राध्यापक तिथेच लाल रेघ ओढतो. खरे टिपण असे आहे, की सहा भाग गुन्ह्याकडे परत परत येतात आणि सातव्यात त्या गुन्ह्याचा भार ऐकणाऱ्याकडे जातो.

आणखी एक साधे गणित. पक्षी गळून समुद्रात बुडतो तो २९०–२९१ या ओळींत. कविता संपायला अजून ३३४ ओळी आहेत. म्हणजे सुटका कवितेच्या मध्याच्याही आधी होते आणि त्यानंतरची अर्ध्याहून अधिक कविता खलाशी प्रायश्चित्तातच असतो. आशीर्वाद हा कवितेचा शेवट मानून लिहिलेला सारांश इथे कोसळतो.

कडव्यांकडेही एकदा जवळून पाहायला हवे. जुन्या बॅलडचे कडवे चार ओळींचे असते. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत चार आघात, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत तीन, आणि यमक दुसऱ्या-चौथ्या ओळीचे. कोलरिजची बहुतेक कडवी अशीच आहेत, पण मधूनमधून तो ती लांबवतो. तिसऱ्या भागात भीती खलाशाच्या काळजातले रक्त पिते तिथे, २०३ ते २११ या ओळींत, एक कडवे चक्क नऊ ओळींचे आहे. सापांच्या प्रसंगात काय होते ते मोजून पाहण्यासारखे आहे. साप दिसतात ती दोन कडवी पाच-पाच ओळींची आहेत. आशीर्वादाचे कडवे सहा ओळींचे आहे. आणि पक्षी गळून पडतो ते कडवे पुन्हा चार ओळींचे. प्रेमाचा उमाळा येतो तसे कडवे वाढत जाते आणि गळ्यातले ओझे उतरले की ते मूळ मापावर येते. आशीर्वादाच्या कडव्यातल्या जादा ओळींत कोलरिज काय करतो? ‘नकळत’ हा शब्द असलेली ओळ तो दुसऱ्यांदा आणतो, एकदा २८५ला आणि एकदा २८७ला. कडवे लांबवून मिळालेली जागा त्याने याच शब्दावर खर्च केली आहे. रचनेचे टिपण माथ्यावरच्या प्रश्नाशी जोडले जाते ते या ठिकाणी.

समासातल्या टीपांचा चकवा

या कवितेच्या सारांशात सर्वाधिक गफलत होते ती समासात छापलेल्या छोट्या गद्य टीपांमुळे. त्या १७९८ साली नव्हत्या. १८१७ साली ‘सिबिलिन लीव्ह्ज’ या संग्रहात कोलरिजने त्या पहिल्यांदा घातल्या. त्यांची भाषा एखाद्या जुन्या काळच्या धार्मिक विद्वानाने पोथीला टिप्पणी जोडावी तशी आहे. काय घडले ते त्या सांगतात, आणि शिवाय त्याचा अर्थही लावून देतात. घाईत असलेल्याला त्या फार सोयीच्या वाटतात, कारण सारांश जणू कवीनेच करून ठेवला आहे.

पण टीप आणि ओळ नेहमी एकच सांगत नाहीत. पक्षी मारल्याच्या जागी टीप म्हणते की खलाशाने पाहुणचाराचा धर्म मोडून एका शुभ पक्ष्याला मारले. कवितेच्या ओळीत असा कोणताही निवाडा नाही. सापांच्या जागी टीप म्हणते की तो त्यांना मनोमन आशीर्वाद देतो. ओळीत मात्र दोनदा आलेला शब्द ‘नकळत’ हा आहे, आणि नेमका तोच टीपेतून गळला आहे. ज्या निबंधाचा प्रश्नच ‘कारण आहे की नाही’ हा आहे, त्याला या फरकावर अख्खा परिच्छेद लिहिता येईल. टीपांमधला मजकूर कवितेचा म्हणून उतरवला, तर मात्र तो फरक दिसायच्या आधीच पुसला जातो. म्हणून सारांशाच्या कागदावर तीन रकाने हवेत. पहिल्यात ओळ काय म्हणते, दुसऱ्यात टीप काय म्हणते, तिसऱ्यात टीकाकार काय म्हणतो. १८०० सालच्या आवृत्तीत वर्डस्वर्थनेच या कवितेचे दोष सांगणारी टीप जोडली होती. खलाशी स्वतः काही करत नाही, त्याच्यावर सगळे घडत राहते, अशी त्याची एक तक्रार होती. ती तिसऱ्या रकान्यात जाते, आणि वर्डस्वर्थला जो दोष वाटला तोच या निबंधाचा विषय असल्यामुळे तिथे ती उत्तम कामाला येते.

कोणत्या ओळी घ्याव्यात

अवतरणे निवडताना प्रसिद्धी हा निकष धरला जातो. या कवितेतल्या ११९ ते १२२ या ओळी, चहूकडे पाणी असून प्यायला थेंब नाही असे सांगणाऱ्या, जगभर म्हणीसारख्या वापरल्या जातात. त्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या निबंधात असतात. पण आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला त्या काहीच उत्तर देत नाहीत. शिक्षेचे स्वरूप हा विषय असता तर त्या हव्याच होत्या. इथे त्या गाळल्या तरी युक्तिवादाचे काही बिघडत नाही, आणि हीच परीक्षा आहे. अवतरण काढून घेतल्यावर परिच्छेद जसाच्या तसा उभा राहत असेल तर ते अवतरण सजावटीचे होते.

या परीक्षेत टिकतात त्या ओळी अशा. ८१ आणि ८२, कारण तिथे ‘का’ला उत्तर नाकारले गेले आहे. १२६ आणि २३८, त्यांतली फक्त दोन-तीन शब्दांची तुकडी, सापांच्या सौंदर्याशी तुलना करण्यासाठी. २८५ आणि २८७, ‘नकळत’ दोनदा येते म्हणून. आणि ६१२ ते ६१७, जिथे नीतिपाठ आहे, विरुद्ध बाजूचा पुरावा म्हणून. सहा-सात पानांच्या निबंधाला एवढी अवतरणे पुरतात. प्रत्येकाच्या पुढे सारांशातच एक वाक्य लिहून ठेवावे, की ही ओळ कोणत्या दाव्यासाठी घेतली आहे. ते वाक्य लिहिता आले नाही तर ओळ सोडून द्यावी.

छपाईचे काही साधे नियमही इथेच पाहून घेतलेले बरे. इंग्रजी विभागांत सर्रास चालणाऱ्या एमएलए पद्धतीत कवितेच्या तीनपर्यंत ओळी आपल्याच वाक्यात अवतरणचिन्हांत घेता येतात. दोन ओळींच्या मध्ये तिरकी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. तीनहून अधिक ओळी असतील तर नव्या ओळीवर, डावीकडे अर्धा इंच जागा सोडून, अवतरणचिन्हांशिवाय, मूळ मांडणी जपून. कंसात पानाचा नव्हे, ओळीचा क्रमांक. आणि कोणती संहिता वापरली ते नोंदवायलाच हवे. १७९८ची संहिता जुन्या धाटणीच्या वर्णलेखनाची आहे, तिच्यात टीपा नाहीत आणि ओळींचे क्रमांकही १८३४च्या संहितेशी जुळत नाहीत. एका पुस्तकातली ओळ आणि दुसऱ्यातला क्रमांक असा घोळ झाला की पुरावा असूनही सापडत नाही.

कागदावर उतरलेला सारांश

एवढे झाल्यावर चाळीस पानांमधून उरलेला मजकूर साधारण असा दिसतो.

‘प्रश्न: कवितेतला गुन्हा आणि सुटका दोन्ही विनाकारण घडतात. मग शेवटचा नीतिपाठ त्यांच्यातून निघतो का? प्रतिमा: पाण्यातले जीव आधी किळसवाणे (१२५–१२६), मग खलाशाचे सोबती (२३८), मग चांदण्यात देखणे (२७२–२८१). बदल पाहणाऱ्यात. वॉरेन यांची सूर्य-चंद्र विभागणी ७८ आणि २१२ला टिकत नाही. सूर: पाहुणा वैतागतो, काळजी करतो (७९–८१), घाबरतो (२२४, ३४५), गप्प होतो. खलाशाचा पहिला ‘मी’ ८२ला, गुन्ह्याबरोबर. रचना: सहा भाग पक्ष्याकडे किंवा धनुष्याकडे परततात, सातवा पाहुण्यावर संपतो. सुटका २९०–२९१ला, पुढे ३३४ ओळी प्रायश्चित्त. आशीर्वादाजवळ कडवी ५, ५, ६, ४. टीपा (१८१७): गुन्ह्यावर निवाडा देतात, ‘नकळत’ गाळतात. अवतरणे: ८१–८२, १२६, २३८, २८५, २८७, ६१२–६१७.’

यातले प्रत्येक वाक्य माथ्यावरच्या प्रश्नाकडे बघते आहे आणि प्रत्येकाला पुस्तकात बोट ठेवण्याची जागा आहे. निबंधाचे परिच्छेदही यातूनच पडतात. पहिला गुन्ह्यावर, दुसरा सापांवर आणि कडव्यांवर, तिसरा टीपांवर, चौथा नीतिपाठावर. प्रतिमा, सूर आणि रचना हे मथळे निबंधात दिसणारही नाहीत, कारण प्रत्येक परिच्छेदात तिन्ही मिसळलेले असतील.

चौथा परिच्छेद सर्वांत अवघड जातो. ६१२ ते ६१७ या ओळींत खलाशी सांगतो की माणूस, पक्षी, प्राणी, लहानमोठे सगळे जीव यांच्यावर प्रेम करणाऱ्याचीच प्रार्थना खरी. अनेक निबंध याच ओळींवर समाधानाने संपतात. त्यांच्याबद्दल स्वतः कवीला मात्र समाधान नव्हते. १८३० साली नोंदवल्या गेलेल्या एका संभाषणात कोलरिजने लेखिका मिसेस बार्बोल्ड यांची तक्रार सांगितली आहे. या कवितेत दोन दोष आहेत, त्या म्हणाल्या, ती असंभवनीय आहे आणि तिच्यात बोध नाही. पहिला दोष कोलरिजने मान्य केला. दुसऱ्याबद्दल त्याचे म्हणणे उलटे होते. निव्वळ कल्पनेच्या अशा कवितेत बोध फार झाला आहे आणि तो फार उघडपणे पुढे आणला आहे, असे त्याला वाटत होते.

विद्यार्थिनीने हे मत निर्णय म्हणून वापरू नये. कवितेनंतर तीसेक वर्षांनी कवी तिच्याबद्दल काय म्हणाला, हे तिसऱ्या रकान्यातले आहे, पहिल्यातले नव्हे. पण त्या मतामुळे ६१२ ते ६१७ या ओळी निबंधाच्या शेवटच्या वाक्यातून उचलून युक्तिवादाच्या मध्यभागी आणता येतात. खलाशी बोध देऊन निघून जातो आणि त्यानंतर कवितेत आणखी दोन कडवी आहेत. त्यांत पाहुणा आनंदी झालेला नाही. तो भान हरपल्यासारखा चालतो आणि लग्नाला जात नाही. जीवमात्रांवर प्रेम करावे एवढेच ऐकून माणूस असा सुन्न होत नाही. पाहुण्याने बोध ऐकला की त्याआधीची विनाकारण घडलेली कहाणी, हा प्रश्न ६१८ ते ६२५ या ओळी उघडा ठेवतात आणि चौथा परिच्छेद लिहायचा आहे तो याच प्रश्नावर.